अधिक महिन्याचा गठ्ठा

माझा स्वभाव तापट आहे. घरचे हे तोंडावर सांगतात, ऑफिसातले पाठीमागे सांगतात, एवढाच काय तो फरक. आणि माझ्या कामात तापायला निमित्त लागतंच असं नाही. खराडीतल्या एका छोट्या कंपनीचे सर्व्हर मी सांभाळते. कंपनी घरगुती मोदक, नैवेद्याची ताटं, पूजेचं साहित्य असलं सगळं ॲपवरून विकते. मोदक करणाऱ्या बायका कोथरूडपासून मांजरीपर्यंत पसरलेल्या, ऑर्डर देणारे त्याहून पसरलेले, आणि या सगळ्यांच्या मधोमध आमचे सात सर्व्हर. वर्षभर ते आरामात असतात. हरतालिकेच्या संध्याकाळी मात्र अख्ख्या पुण्याला एकदम आठवतं की उद्या चतुर्थी आहे आणि आपल्याला उकडीच्या पाऱ्या काही जमत नाहीत.

मागच्या वर्षी त्याच संध्याकाळी आमचं ॲप बसलं. चांगलं तास-दीड तास. ऑर्डर घ्यायची, पैसे घ्यायचे आणि मग नुसतं चक्र फिरवत बसायचं. शेवटी आम्ही सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, तेव्हा गाडी हलली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या घरी गणपती, मग गौरी, मग विसर्जन. कुणी मुळाशी गेलं नाही. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. ते त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलले होते, "ऑर्डरचा कोड कुणी लिहिलाय?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. चौकशी तिथेच संपली.

तो कोड लिहिणारी मुलगी नागपूरची. इंजिनिअरिंग करून इकडे आली आणि खराडीतच दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. कामात चोख, बोलण्यात कमी. रागावली की आवाज आणखी खाली जातो, माझ्या बरोबर उलट. मला ती ताई म्हणते. मी तिला सुरुवातीला नावाने हाक मारायचे, आता "अगं ए" म्हणते, म्हणजे आमचं जमलंय असं समजायला हरकत नाही.

यंदाच्या श्रावणात सरांनी बैठक घेतली. गणपती दोन-अडीच आठवड्यांवर आलेले. सर म्हणाले, "ऑर्डरचं काम यंदा बाहेरच्या तयार सॉफ्टवेअरवर टाकू या. सोमवारी नक्की करतो. मागच्या वर्षीसारखी शोभा पुन्हा नको." मग तिच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "तू ग्राहकांच्या तक्रारींचं बघ. मराठी छान आहे तुझं."

आता हे पुण्यात बोललेलं वाक्य आहे, त्यामुळे ते कौतुक नव्हतं हे तिलाही कळलं. दोन वर्षं खपून उभं केलेलं काम हातातून जाणार आणि वर "हिच्यामुळे गणपतीत बोंब झाली" हा शिक्का कायमचा. ती एवढंच म्हणाली, "सर, त्या दिवशी माझ्या सर्व्हरवर नेमकं काय झालं, ते आपण कधी पाहिलंच नाही. आलेख बघून ठरवा ना."

"आण की मग सोमवारी," सर म्हणाले. "आलेख असेल तर आण."

बाहेर आल्या आल्या मी तिला म्हटलं, "घाबरतेस काय? आपण वर्षभराचं सगळं ठेवतो. असेलच."

हे मी एवढ्या तोऱ्यात म्हटलं, कारण ते ठेवायची व्यवस्था मीच लावली होती. आमच्या सातही सर्व्हरची नाडी बघणारा एक डेटाबेस आहे. दर पंधरा सेकंदांनी तो प्रत्येकाला विचारतो, बाबा रे, डोकं किती तापलंय, मेमरी किती भरलीय, दारात किती जण उभे आहेत. उत्तरं आली की मांडून ठेवतो आणि आपल्याला आलेख काढून दाखवतो. तो बसवला तेव्हा किती दिवसांचं ठेवायचं यावर चर्चा झाली होती. सगळ्यांचं एकमत, एक वर्ष. गणपती ते गणपती. मागच्या गणपतीशी यंदाचा ताडून बघता आला पाहिजे, बाकी दिवस कोण बघतंय? सर, ती, मी, हिशेबवाले काका, सगळ्यांनी माना डोलावल्या. मुदत एक वर्ष लावली.

डिस्क किती लागेल त्याचं गणितही मी तेव्हा फळ्यावर मांडून दाखवलं होतं. सेकंदाला हजारेक आकडे येणार. डेटाबेस ते दाबून ठेवतो, म्हणून एका आकड्याला फार तर दोन बाइट. त्याला वर्षाच्या सेकंदांनी गुणा, येतात साठ-पासष्ट जीबी. सर लगेच म्हणाले, "मग पासष्टचीच डिस्क घ्या."

"अहो सर, चार माणसं जेवायची म्हणून चारच पोळ्या लाटतात का?"

"का? पाचवी कोण खाणार?"

मग मला बांधाबांधीचं सगळं समजावावं लागलं. हा डेटाबेस ताजे आकडे मेमरीत धरतो, आणि वीज गेली तर पंचाईत नको म्हणून त्यांची कच्ची नोंद डिस्कवरही करत राहतो. मग दोन-दोन तासांचे छोटे गठ्ठे बांधून डिस्कवर लिहितो. नंतर फुरसतीने तीन छोट्यांचा एक मोठा, तसल्या तिघांचा आणखी मोठा असं करत जातो. मुदत वर्षाची असली की सगळ्यात मोठा गठ्ठा साधारण वीस दिवसांचा होतो. पण तीन वाट्यांतली भाजी एका पातेल्यात काढायची तर काढून होईपर्यंत ओट्यावर वाट्याही हव्यात आणि पातेलंही. नवा गठ्ठा पुरा लिहून झाल्याशिवाय जुने जात नाहीत. तेवढी जागा मोकळी नसेल तर बांधाबांध अडते आणि डिस्क पार तुडुंब भरली तर नवे आकडेही लिहिले जात नाहीत. शेवटी शंभरची डिस्क मिळाली. भरीला मी एक अट घातली होती, सगळं मिळून ऐंशी जीबीच्या वर जायला लागलं तर डेटाबेसने आपणहून सगळ्यात जुना गठ्ठा टाकून द्यावा. ही अट मी सुरक्षितपणासाठी घातली होती, हे लक्षात असू द्या.

शुक्रवारी सकाळी मी कर्वेनगरहून निघाले ती पुलावरच्या गर्दीला आणि एकूण मनुष्यजातीला शिव्या घालत ऑफिसात पोचले. ती आधीच येऊन बसली होती. समोर आलेख उघडलेला. तिने वरच्या यादीतून "मागचं एक वर्ष" निवडलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "नाहीये."

"काय नाहीये?"

"हरतालिकेचा दिवसच नाहीये. आलेख चतुर्थी उलटून गेल्यावर सुरू होतो."

"कोणी हात लावला?" मी ओरडले. पलीकडच्या दोघांनी कानांत बोळे घातले, गाणी ऐकायचे ते. "वर्षाची मुदत लावलीय मी स्वतः! अजून यंदाचा गणपती यायचाय, म्हणजे वर्ष व्हायचंय. मग मागचा गेला कुठे?"

बोलता बोलता माझी नजर पाणी प्यायच्या जागेजवळच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. महिन्याची मोठी पानं, तिथी, एकादश्या, मागे भविष्य आणि पाककृती, तेच ते नेहमीचं. मी पानं उलटी चाळत गेले आणि अधिक ज्येष्ठावर थांबले. कपाळावर हात मारला, खरोखरचा, आवाज येईल एवढ्या जोरात.

"अगं, अधिक महिना!"

तिला काही कळलं नाही. तिच्या घरी अधिक महिन्याचं काही नसतं, ती बौद्ध घरातली. पण माझ्याकडे काय सबब होती? लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक, म्हणून जावयाला वाण द्यायचं, तर मी तेहतीस अनारसे स्वतः तळले होते. निम्मे तुपात विरघळले, ते पुन्हा केले. जावई बिचारा "छान झालेत" म्हणत खात होता. एवढं सगळं करून, त्या महिन्यामुळे यंदाचा गणपती मागच्यापासून तेरा महिन्यांवर गेलाय हे माझ्या डोक्यात शिरलं नाही! गणपती तिथीने येतो, डेटाबेस तारखेने मोजतो. त्याचं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं आणि ते दोन दिवसांपूर्वी भरलं होतं. चर्चेला बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या घरी गणपती बसतो किंवा शेजारी तरी बसतो, पण एकाच्याही तोंडून निघालं नाही की वर्ष कधीकधी लांबतं म्हणून.

"म्हणजे गेलं," ती म्हणाली. आवाज एकदम खाली. तिने खुर्ची मागे सरकवली. "जाऊ द्या, ताई. तक्रारींचं काम काही वाईट नाहीये."

खरं सांगते, त्या क्षणी मला रडू येईल असं वाटलं आणि मला रडू येणार असलं की मी भांडते. "गप्प बस," मी म्हटलं. "तक्रारींचं काम म्हणे! तू बोलशील का लोकांशी? तुझा आवाज टेबलाच्या पलीकडे पोचत नाही." आणि तिला झापताझापताच मला आठवलं.

हा डेटाबेस दिवस मोजून टाकत नाही, गठ्ठा टाकतो. अख्खा. गठ्ठ्यातला शेवटचा आकडासुद्धा मुदतीबाहेर गेला की मगच तो उचलून फेकतो. एका टोकाचे दिवस जुने झाले म्हणून गठ्ठा फाडायचा आणि अर्धा ठेवायचा, असला उद्योग तो करत नाही. आणि आमचे जुने गठ्ठे वीस-वीस दिवसांचे.

"सरक," मी म्हटलं. "तू यादीतून 'मागचं एक वर्ष' घेतलंस, म्हणून त्याने तेवढंच दाखवलं. तारीख हाताने टाक. हरतालिकेची."

तिने टाकली. चक्र फिरलं. मी मनात आरती सुरू केली नाही, पण जवळपास पोचले होते. आणि रेघ उमटली. अख्खी संध्याकाळ, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत.

"आहे!" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्यांनी बोळे काढले.

ती हसली नाही. हात तोंडावर नेला आणि म्हणाली, "किती वेळ आहे?"

हुशार मुलगी. बरोबर तोच प्रश्न. आम्ही सर्व्हरवर जाऊन गठ्ठ्यांची यादी काढली. प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक फोल्डर, नाव असं की वाचून जीभ अडकावी, पण आत एका छोट्या फाइलमध्ये कुठून कुठपर्यंतचा काळ आहे ते लिहिलेलं असतं. हरतालिका ज्यात होती तो गठ्ठा चतुर्थीनंतर चार दिवसांनी संपत होता. म्हणजे तो मुदतीबाहेर पडणार येत्या सोमवारी सकाळी. बैठकही सोमवारीच. बैठकीत आम्ही आलेख उघडायला जाणार आणि तिथे ठणठण गोपाळ.

पण सोमवार तरी कुठे हातात होता? मी डिस्ककडे पाहिलं. ऐंशीच्या अटीला जेमतेम अर्धा जीबी बाकी होता. पासष्टच्या आसपास राहायला हवी होती ती! दोन मिनिटांत कारण सापडलं. यंदाच्या तयारीसाठी चाचणीला जो नवा भाग लावला होता, त्यात कुणी तरी प्रत्येक मापाला ऑर्डरचा क्रमांक चिकटवला होता. ऑर्डर नवी की आकड्यांची रांग नवी. आठवडाभर चाचणीच्या खोट्या ऑर्डरी धो धो पडत होत्या आणि प्रत्येकीची वेगळी रांग हा डेटाबेस इमानेइतबारे जपत बसला होता. माझं फळ्यावरचं गणित सर्व्हर किती ते धरून होतं. गणपतीत ऑर्डरी किती, ते कोण धरणार?

आणि ऐंशीच्या वर गेलं की पहिला बळी कुणाचा? सगळ्यात जुन्या गठ्ठ्याचा. मीच अट घातलेली, सुरक्षितपणासाठी. नवा छोटा गठ्ठा दर दोन तासांनी लिहिला जातो, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत आमची हरतालिका कचऱ्यात.

नेमके तेव्हाच सर आले. हातात कॉफी. "काय आरडाओरडा चाललाय? मिळाला का आलेख?"

"मिळालाय, पण डिस्क भरत आलीय," मी म्हटलं.

"मग जुनं उडवा की. मागच्या वर्षीचा गणपती काय लोणच्याला घालायचाय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती बोलली. "सर, दहा मिनिटं कशाला हात लावू नका." हळूच, पण अशी की सर कॉफी घेऊन परत केबिनमध्ये गेले.

एक बरं असतं, मोठा गठ्ठा एकदा बांधला की डेटाबेस त्यात पुन्हा काही लिहीत नाही. त्यामुळे तो फोल्डर जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवता येतो. ती म्हणाली, "ताई, आधी आलेख नीट बघू या का? काय आहे ते कळेल तरी."

"आधी उचल, मग बघ," मी म्हटलं. "घराला आग लागल्यावर कोणी अल्बम चाळत बसतं का?"

तिने आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर नक्कल सुरू केली. तीन-साडेतीन जीबीचा ऐवज. तो जाईपर्यंत मी ऑर्डरचा क्रमांक चिकटवणं बंद केलं, म्हणजे निदान पुढची भर तरी थांबेल. आधीच लिहून झालेलं काही त्याने कमी होणार नव्हतं. टक्केवारी पुढे सरकत होती आणि मी तिच्या खुर्चीमागे उभी राहून तिच्या खांद्यावर बोटं वाजवत होते. "ताई, दुखतंय," ती म्हणाली. मी बोटं काढून टेबलावर वाजवली.

नक्कल झाली. दोन्हीकडच्या फायली ताडून पाहिल्या, सारख्याच. मग चाचणीच्या सर्व्हरवर दुसरा रिकामा डेटाबेस उभा केला. मी आधी त्याची मुदत दहा वर्षं लावली, कारण सांगितलं नाही तर तो पंधराच दिवस ठेवायचं धरून चालतो, आणि आज ना उद्या हा गठ्ठा त्यानेही फेकला असता. गठ्ठा त्याच्या पुढ्यात ठेवला. आलेख उघडला. तीच रेघ.

"आता चहा," मी म्हटलं. आम्ही खाली टपरीवर गेलो आणि मी तिला क्रीमरोल घेऊन दिला. तिने तो चहात बुडवून खाल्ला. वर आलो तर मुख्य डेटाबेसने नवा गठ्ठा लिहिला होता, ऐंशीची मर्यादा ओलांडली होती आणि आमचा जुना गठ्ठा टाकून दिला होता. हरतालिकेची तारीख तिथे आता कोरी. डेटाबेसने सांगितल्याप्रमाणे काम केलं होतं, त्याच्यावर तरी कसं ओरडणार?

मग दुपारभर आम्ही ती संध्याकाळ मिनिटा-मिनिटाने चाळली. पहिला आलेख तिच्या सर्व्हरचा. डोकं थंड, मेमरी निम्मी रिकामी. तो काही करतच नव्हता, वाट बघत होता. कशाची? ऑर्डरी जिथे साठतात त्या दुसऱ्या, मोठ्या डेटाबेसची. त्याच्या दारात गर्दी एवढी की तिच्या कोडला आत शिरायला जागाच नव्हती. गर्दी कुणाची? तिने दारातल्यांना नावांप्रमाणे वेगळं काढलं. ऑर्डरवाले मूठभर. बाकी सगळे एकाच नावाचे, "अहवाल".

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अहवाल या नावाने आमच्याकडे एकच गोष्ट चालायची. सरांचा विक्रीचा लाइव्ह बोर्ड.

मागच्या गणपतीत सरांनी हौसेने तो करून घेतला होता. बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही, त्यावर किती मोदक गेले, कुठल्या पेठेत गेले, दर सेकंदाला ताजा आकडा. प्रत्येक ताज्या आकड्यासाठी बिचारा ऑर्डरींचा डेटाबेस सकाळपासूनच्या सगळ्या ऑर्डरी पुन्हा मोजायचा. संध्याकाळी सरांनी तो बोर्ड सगळ्यांना मोबाइलवर पाठवला, मोदकवाल्यांनाही. ॲप अडकलं तसं लोक घाबरून बोर्ड उघडायला लागले, काय चाललंय बघायला. जेवढे जास्त बघायला आले तेवढं जास्त अडकलं. आलेखात बोर्डची रेघ आधी चढत होती आणि मग ऑर्डरी खाली येत होत्या, अगदी लहान मुलालाही दिसेल असं. आणि त्या बघणाऱ्यांत मीही होते. दोन मोबाइलवरून!

मी हसायला लागले. थांबेचना. तेहतीस अनारसे, शंभरची डिस्क, सातही सर्व्हरची नाडी, आणि शेवटी काय, तर आम्हीच सगळे दारात गर्दी करून उभे. ती हसत नव्हती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, ऊन येतंय स्क्रीनवर." मी उठून पडदा ओढला. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

सोमवारी बैठकीत तिने आलेख मोठ्या टीव्हीवर लावला. मी ठरवलं होतं की एक अक्षर बोलायचं नाही, आणि जीभ चावून बसले. ती सावकाश सांगत गेली. हा माझा सर्व्हर. ही त्याची वाट बघण्याची वेळ. हे दारातले लोक. हे त्यांचं नाव. कुणाचाही उल्लेख नाही, कुणाकडे बोट नाही. सर पुढे सरकले. मग आणखी पुढे.

"हा 'अहवाल' म्हणजे..." ते म्हणाले आणि मान वळवून ज्या टीव्हीवर हे बघत होते त्या टीव्हीकडे त्यांनी नव्याने पाहिलं. "हाच?"

"हो सर."

सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून खो खो हसायला लागले. "म्हणजे मीच बसवलं की मोदकांचं दुकान!" मग हसू ओसरलं. ते उभे राहिले, आणि हे मात्र मी त्यांच्या खात्यात लिहून ठेवलंय, सगळ्यांसमोर म्हणाले, "मी न बघता तुझं नाव घेतलं. चुकलं माझं. बाहेरचं सॉफ्टवेअर नको. यंदाची हरतालिका तुझी. काय लागेल ते सांग."

"मुदत वाढवू," ती म्हणाली. "चारशे तीस दिवस. अधिक महिना आला तरी मागचा गणपती आणि त्याच्या आधीची तयारी हातात राहील. आकडे धरलेत मी, पंचाहत्तर जीबीपर्यंत जाईल. बांधाबांधीला जागा हवी, चुकून भर पडली तर तीही हवी. दीडशेची डिस्क घ्या."

सरांनी सवयीने तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ते मिटलं. "घ्या," ते म्हणाले.

बैठक सुटली. मला तिला मिठी मारायची होती, पण ती कुठे दिसेना. जिन्याच्या वळणावर सापडली, मोबाइल कानाला, पाठ माझ्याकडे. मी दोन पायऱ्या वरच थांबले. ऐकायला नको होतं, पण मी ऐकलं.

"जय भीम, आई. नाही, सगळं बरं आहे. जेवली मी. अगं ऐक ना." मग ती थांबली. "मागच्या वर्षी ऑफिसात एक झालं होतं. तुला सांगितलं नव्हतं." पलीकडून काही तरी विचारलं गेलं असावं. "तेच सांगून राहिली ना. सगळे म्हणत होते माझ्यामुळे झालं. सरांशी मी आज भांडली बिंडली नाही, आलेख दाखवला फक्त."

ती खालच्या पायरीवर बसली.

"नाही गं आई, लोकांचं काय. मलाच वाटत होतं माझंच चुकलं असेल म्हणून. वर्षभर रोज वाटत होतं. नव्हतं चुकलं, आई. माझं नव्हतं चुकलं."